फोर्स मेजरचं कलम साध्या वाक्यांत लिहावं की वकिली भाषेला हात लावू नये?

शिरोलीचा भट्टीवाला
शिरोली एमआयडीसीत आमची फाउंड्री आहे, चाकणच्या एका कंपनीला कास्टिंग देतो. नव्या करारातलं फोर्स मेजरचं कलम वकिलाकडून मराठीत करून घेतलं, ते असं :

"दैवी आपत्ती, पूर, आग, युद्ध, संप, शासकीय आदेश किंवा पुरवठादाराच्या वाजवी नियंत्रणाबाहेरील अन्य कोणत्याही कारणामुळे पुरवठ्यास प्रतिबंध, अडथळा किंवा विलंब झाल्यास, तत्काळ सूचना दिली असल्यास व परिणाम कमी करण्याचे वाजवी प्रयत्न केले असल्यास, अशा घटनेच्या कालावधीपुरता पुरवठादार कसूरदार समजला जाणार नाही; तथापि सदर कालावधी अवाजवी लांबल्यास खरेदीदारास करार संपुष्टात आणण्याचा अधिकार राहील."

आमच्या डिस्पॅचच्या पोरानं आणि त्यांच्या स्टोअरवाल्यानं वाचून एकच अर्थ काढावा, अशी वाक्यं होतील का? २०२१ च्या पुरात अशाच कलमावरून एका जुन्या गिऱ्हाइकाशी तीन महिने ईमेल चालले आणि शेवटी बिलातून दंड कापला गेला.

जुना वकील
हात लावू नका. हे शब्द जड आहेत ते लिहिणाऱ्याच्या हौसेपोटी नाहीत. 'प्रतिबंध' आणि 'अडथळा' यांवर कोर्टात वर्षानुवर्षं खल झालाय, त्यांचा अर्थ बराचसा ठरलेला आहे. उद्या तुम्ही "माल देता आला नाही तर" असं लिहाल. देता आला नाही म्हणजे काय? महाग पडला म्हणून नाही दिला, तेही त्यात बसतं का? २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हेच झालं. इंडोनेशियाने नियम बदलले, आयात कोळसा महागला, वीज कंपन्या फोर्स मेजर म्हणत आल्या. कोर्ट म्हणालं, भाव वाढला म्हणून करार सुटत नाही. असल्या गोष्टी जुन्या शब्दांच्या आधारावर ठरतात. नवी भाषा म्हणजे नवी भांडणं.

हिशोबी
एवढं कशाला? कॉन्ट्रॅक्ट ॲक्टचं कलम ५६ आहेच ना. काम अशक्य झालं की करार आपोआप रद्द. करारात काहीही लिहा, कायदा वाचवतो.

करारवाली
हिशोबी, अर्धं बरोबर आहे. कलम ५६ करार मारतं, मुदत वाढवत नाही. भट्टीवाल्यांना करार संपवायचा नाहीये, त्यांना दहा दिवस हवेत. शिवाय करारातच फोर्स मेजरचं कलम असेल तर आधी तेच वाचलं जातं. वकीलसाहेबांनी सांगितलेल्या त्याच निकालात हेही आहे, की करारात लिहिलेली घटना कलम ३२ खाली बघायची आणि करारात नसलेली ५६ खाली.

वकीलसाहेब, 'प्रतिबंध'वर खल झालाय हे मान्य. पण या वाक्यात भांडण लावणारे शब्द वेगळेच आहेत : तत्काळ, अवाजवी, घटनेचा कालावधी. तिन्ही मोजायचे शब्द आहेत आणि एकालाही आकडा नाही. कोर्टानं 'तत्काळ'चा कितीही कीस काढला असला तरी शनिवारी रात्री अकराला गोडाऊनमध्ये पाणी शिरलेल्या माणसाला त्यातून काही कळत नाही.

भट्टीवाले, २०२१ मध्ये नेमकं अडलं कुठं?

शिरोलीचा भट्टीवाला
ताई, हायवे चार दिवस बंद होता. पाचव्या दिवशी रस्ता सुरू झाला. गिऱ्हाईक म्हणालं, घटना संपली, पाठवा माल. पण आमच्या फर्नेसच्या खड्ड्यात दोन फूट पाणी होतं, लाइनिंग भिजलेलं. ते फोडायचं, नवीन रॅमिंग मास ठोकायचं, हळूहळू तापवून सिंटरिंग करायचं. ओल्या लाइनिंगवर पातळ लोखंड ओतलं तर काय होतं ते भट्टीवर उभं राहिलेल्यालाच ठाऊक. त्यात आणखी सहा दिवस गेले. ते म्हणाले, हा तुमचा मेंटेनन्स. शिवाय चारशे नग आदल्या आठवड्यापासूनच राहिले होते, तेही आम्ही पुरातच धरले. खोटं कशाला बोलू.

मांडववाला
आमचंही असंच. लॉकडाऊनमध्ये लग्न रद्द झालं, हॉलवाल्यानं फोर्स मेजर म्हणून डिपॉझिट ठेवून घेतलं. आम्हाला तर माल पोचवायचाच नव्हता. हे कलम हॉलवाल्याला लागू होतं का?

करारवाली
मांडववाले, तुमचं वेगळं आहे. तिथं प्रश्न मुदतीचा नाही, आगाऊ घेतलेल्या पैशाचा आहे. करार निष्फळ झाला असेल तर घेतलेलं परत करायला सांगणारं कलम ६५ बघा. करारात डिपॉझिटबद्दल काय लिहिलंय ते घेऊन वेगळा धागा काढा, इथं सरमिसळ होईल.

भट्टीवाले, तुमच्या हकिकतीतच कलम आहे. मी असं लिहीन :

"पूर, आग, संप किंवा सरकारी बंदीमुळे पुरवठादाराचा कारखाना चालू शकला नाही, किंवा कारखान्यापासून खरेदीदारापर्यंत ट्रक जाईल असा एकही रस्ता उघडा राहिला नाही, तर ते दिवस 'बंद दिवस' धरायचे. कच्चा माल, वीज किंवा भाडं महाग झालं म्हणून बंद दिवस धरता येणार नाही.

बंद दिवस संपल्यावर भट्टी पुन्हा सुरू करायला लागलेले दिवसही धरायचे, पण पाचपेक्षा जास्त नाही.

जेवढे दिवस धरले, तेवढ्या दिवसांनी माल द्यायची तारीख पुढे जाईल. त्या दिवसांचा दंड नाही.

पहिला बंद दिवस सुरू होण्याआधीच थकलेल्या मालाला ही सवलत नाही."

आता हे चालवून बघू. समजा १,२०० नग १० तारखेला द्यायचे आहेत आणि ८ ते ११ रस्ता बंद राहिला. बंद दिवस चार. मग भट्टी उभी करायला तुमच्यासारखे सहा दिवस लागले, पण धरायचे पाच. म्हणजे १० अधिक ९, नवी तारीख १९. माल २० ला गेला तर एक दिवस उशीर, आणि तो तुमचा. आधीचे चारशे नग १ तारखेला द्यायचे होते, त्यांचा दंड २ पासूनच. यातला एकही आकडा काढायला वकील लागत नाही. डिस्पॅचचा मुलगा आणि स्टोअरवाला कॅलेंडर घेऊन बसले तरी उत्तर एकच येतं.

जुना वकील
तुम्ही 'अन्य कोणतेही कारण' काढून टाकलंत. उद्या भूस्खलन झालं तर? नवी साथ आली तर?

करारवाली
हा वार बसला. रस्त्यावर दरड आली तर "एकही रस्ता उघडा नाही" यात येते, ती कशानं आली याला महत्त्व नाही. पण कारखान्यावरच दरड आली, तर माझ्या वाक्यात ती नाही. तुम्ही म्हणता ते शेपूट ठेवायला हरकत नाही, पण एक लक्षात घ्या. यादीनंतर 'अन्य कारण' आलं की कोर्ट ते बहुधा यादीतल्यासारखंच कारण हवं असं वाचतं. मग यादी किती मोकळी आहे यावर पुन्हा वाद. म्हणून "किंवा याच प्रकारची घटना, जी दोघांनाही करार करताना टाळता आली नसती" एवढं जोडते. साधं वाक्य म्हणजे छोटं वाक्य असं मी कुठंच म्हटलेलं नाही.

चाकणची खरेदी
मी पलीकडच्या बाजूनं बोलतो, खरेदीत आहे. भट्टी सुरू करायचे पाच दिवस आमच्या माथी का? लाइन थांबली तर आमचं गिऱ्हाईक आम्हाला दंड लावतं, त्यांना भट्टीचं काय सांगू? आणि नोटीस. २०२१ मध्ये दोन पुरवठादारांनी आम्हाला पाणी ओसरल्यावर कळवलं. सुरुवातीलाच कळलं असतं तर दुसरीकडून माल उचलला असता. उशिरा कळवलं तर सवलतच नाही, असं मी लिहून घेईन.

शिरोलीचा भट्टीवाला
साहेब, पुरात टॉवर बंद, लाइट नाही. फोन कुठनं करू?

करारवाली
दोघांचंही खरं आहे, म्हणून नोटीस दोन पायऱ्यांत तोडा. "संपर्काचं साधन सुरू असेल तेव्हापासून २४ तासांत पुरवठादार ठरलेल्या नंबरवर मेसेज करील : कारखाना बंद की रस्ता बंद, आणि किती नग अडकले. पुढच्या सात दिवसांत फोटो आणि प्रशासनाचा रस्ता बंदचा आदेश ईमेल करील." आणि उशीर झाला तर अख्खी सवलत घालवू नका. "मेसेज यायच्या आधीचे दिवस धरायचे नाहीत" एवढं लिहा. म्हणजे तिसऱ्या दिवशी कळवलं तर दोन दिवस गेले, बाकीचे राहिले. शिक्षा चुकीएवढीच झाली.

खरेदीवाल्यांसाठी : "बंद दिवसांत खरेदीदार दुसरीकडून माल घेऊ शकतो, तेवढे नग या ऑर्डरमधून कमी होतील." आणि पुरवठादाराकडे थोडा तयार माल असेल, तर तो सगळ्या गिऱ्हाइकांना त्या महिन्याच्या ऑर्डरच्या प्रमाणात वाटायचा. हे नसलं की मोठ्या गिऱ्हाइकाचा ट्रक आधी भरतो, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

चाकणची खरेदी
वाटपाचं पटलं. नोटिशीचं नाही. अर्धी शिक्षा म्हणजे कोणी वेळेत कळवणारच नाही. आणि एक राहिलं : आम्हीही बंद पडू शकतो. लॉकडाऊनमध्ये आमचं गोडाऊनच बंद होतं, माल उतरवायला माणूस नव्हता. तुमच्या वाक्यात फक्त पुरवठादाराला सवलत आहे.

जुना वकील
हा मुद्दा महत्त्वाचा. एप्रिल २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दक्षिण कोरियाहून स्टील मागवणारे आयातदार लॉकडाऊन दाखवून पैसे थांबवायला गेले होते. कोर्टानं अंतरिम दिलासा नाकारला. एक कारण हेच, की ते कलम फक्त विक्रेत्यासाठी होतं. त्यामुळे खरेदीदारानं आपलं वाक्य वेगळं लिहून घ्यावं, आणि त्यात एक ओळ घालावी : आलेल्या मालाचे पैसे कोणत्याही घटनेमुळे थांबणार नाहीत.

करारवाली
ती ओळ अशीच्या अशी घेते. वकीलसाहेब, बघा, तुम्हीही साध्या वाक्यात लिहिलंत.

जुना वकील
लिहिलं. पण एक सांगा, सही इंग्रजी करारावर होणार. खाली मराठी वाक्यं जोडली आणि दोन्हींत फरक निघाला तर कोणतं खरं?

करारवाली
माझ्या मते दोन ठेवूच नयेत. जुनं कलम काढा, नवी वाक्यं इंग्रजीत कलम म्हणून घाला आणि मराठी त्याचंच भाषांतर ठेवा, "वाद झाल्यास इंग्रजी खरं" असं लिहून. जुनं वर आणि सोपं खाली असं ठेवलंत तर वादात प्रत्येकजण आपल्या सोयीचं वाचेल.

हिशोबी
मग 'अवाजवी लांबल्यास'चं काय केलं? तेच राहिलंय.

करारवाली
खरंच राहिलं. "सलग ३० बंद दिवस झाले तर कोणीही पक्ष लेखी कळवून त्या ऑर्डरपुरता करार संपवू शकतो." आंतरराष्ट्रीय व्यापार मंडळाच्या २०२० च्या नमुन्यात १२० दिवस आहेत, पण पंधरा दिवसांनी माल जाणाऱ्या ऑर्डरला ते फार होतात. आकडा दोघांनी ठरवावा, पण आकडाच हवा.

शिरोलीचा भट्टीवाला
एक विचारतो. "एकही रस्ता उघडा नाही" याऐवजी राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ४३ फुटांवर गेली, की बंद दिवस, असं लिहिलं तर? ती धोक्याची पातळी, आकडा प्रशासन जाहीर करतं, वादच नको.

चाकणची खरेदी
मला चालेल. खोटा दावा करता येणार नाही.

करारवाली
मला शंका आहे. ४३ फुटांवर रस्ता बंद होतोच असं नाही, आणि पावसाचं पाणी नाल्यातून शेडमध्ये शिरलं तर नदी ४० वर असतानाही तुमची भट्टी बुडेल. आकडा मोजायला सोपा आहे, पण तो तुमचं नुकसान मोजत नाही.

शिरोलीचा भट्टीवाला
आमच्या शेडला नदी ४१ ला असतानाच पाणी लागतं, हे खरं. मग रस्त्याचं वाक्यच ठेवतो. बाकी सगळं परवा चाकणला पाठवतो. नोटिशीचं अर्धं की पूर्ण, यावर अजून बसावं लागणार. त्यांच्या स्टोअरवाल्यालाही बोलावतोय, वाक्यं त्याच्याकडूनच मोठ्यानं वाचून घेणार. तो जिथं अडखळेल तिथं खूण करायची.