उत्तर: लोडिंगचा वेळ नेमका जातो कुठं?

"माझ्याकडं ३०६० ग्राफिक्स कार्ड हाय, पण एसएसडी साटा. डायरेक्टस्टोरेजवाला गेम घेतला तर लोडिंग कमी होईल का? नांदेडचा दुकानदार म्हणतो, कार्डच बदला."

भाऊ, कार्ड राहू द्या. डायरेक्टस्टोरेज म्हणजे गेमचा डेटा डिस्कवरून झटपट उचलायची विंडोजची सोय. समजा एका लेव्हलची पॅक केलेली फाईल ६ जीबी. साटावर सेकंदाला ५०० एमबी येतं, म्हणजे नुसतं वाचायलाच १२ सेकंद. सेकंदाला ३ जीबी देणाऱ्या एनव्हीएमई एसएसडीवर हेच काम २ सेकंदांत. डायरेक्टस्टोरेजमध्ये ग्राफिक्स कार्ड फक्त फाईल उलगडायचं काम प्रोसेसरकडून घेतं, वाचायचा वेळ ते कमी करत नाही.

एनव्हीएमई टाकल्यावरही लोडिंग १० सेकंद चाललं, तर टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचे सगळे कोर वेगवेगळे दिसतील असा आलेख लावून बघा. डिस्क निवांत अन् सगळेच कोर फुल्ल असतील तर उलगडण्यात वेळ जात असण्याची शक्यता आहे, तिथं कार्डाचा फायदा होईल. एकच कोर तापलाय अन् बाकीचे बसून आहेत, तर गेम बहुधा एकापाठोपाठ एक वस्तू मांडत बसलाय. तिथं कार्ड काय करणार?

अन् गेमच्या फोल्डरमध्ये `dstorage.dll` ही डायरेक्टस्टोरेजची फाईल दिसली म्हणून हुरळू नका. कार्डावर उलगडायची सोय डायरेक्टस्टोरेजच्या १.१ आवृत्तीत, २०२२ च्या शेवटी आली, अन् ती वापरायची का हे गेमवाले ठरवतात. लोडिंग स्क्रीनवर कार्ड बहुतेक रिकामंच असतं, तिथं ठीक. पण खेळताना मागं डेटा येत असला की चित्र काढणं अन् उलगडणं एकाच कार्डावर पडतं, मग भरलेल्या कार्डावर फ्रेम अडखळू शकतात.