मदत हवी आहे: नटराजासमोर श्रोत्याची नजर कशी न्यावी?

संग्रहालयाच्या ऑडिओ गाइडसाठी चोळकालीन कांस्य नटराजाच्या थांब्याची संहिता मी लिहीत आहे. ‘वरच्या उजव्या हातातील डमरू पाहा’ असे ऐकताच श्रोते स्वतःच्या उजवीकडे पाहतात आणि तिथे त्यांना अग्नी दिसतो, कारण मूर्तीचा उजवा हात समोरून पाहताना आपल्या डावीकडे येतो.

म्हणून ‘तुमच्या डावीकडे, वरच्या हातात’ असे लिहून, नजर पोहोचेपर्यंत ४ सेकंद शांतता ठेवली आहे. डमरूचा सृष्टीशी असलेला संबंध त्यानंतरच येतो, कारण पाहण्याआधी सांगितलेला अर्थ सहसा निसटतो.

अडचण पुढे आहे. पायाखालच्या अपस्मार नावाच्या बुटक्या असुराकडे नजर थेट खाली न्यावी, की उचललेल्या पायावरून? आणि मूर्तीमागे उभ्या असलेल्या श्रोत्याला आधी समोर बोलवावे का? अनुभवी लेखकांनी कृपया सुचवावे.