राखीला भावासाठी बिडाचा तवा: कोणता घ्यावा, कसा तयार करून द्यावा?

चिपळूणची_ताई
माझा धाकटा भाऊ पुण्यात दोन मित्रांबरोबर भाड्याच्या खोलीत राहतो. दरवर्षी राखीला मी पेढे आणि पाकीट देते. यंदा त्याच्या रोजच्या वापरातलं काही द्यायचंय. त्याने मेसचा डबा बंद केलाय आणि स्वतः रांधायला लागलाय. घावन तव्याला चिकटतात म्हणून आठवड्यातून दोनदा आईला फोन करतो. त्याला बिडाचा तवा द्यावा असं मनात आहे. हातात तीन आठवडे आहेत. त्याच्याकडे गॅस नाही, इंडक्शन आहे. चालेल का?

सह्याद्री_८८
इंडक्शनवर बीड चालत नाही, त्याला खास तळाची भांडी लागतात. माझा ॲल्युमिनियमचा तवा ठेवला तर शेगडी सुरूच झाली नाही.

मालवणची_मावशी
ॲल्युमिनियम चालत नाही हे खरं, पण बीड चालतं. दोन गोष्टी मात्र बघून घे, ताई. आपल्याकडचा जुन्या घाटाचा तवा मध्ये खोलगट असतो, तो इंडक्शनला नको. तळ सपाट हवा. दुकानात फरशीवर ठेवून बघ, डुगडुगता कामा नये. आणि फार मोठा घेऊ नकोस. लहान शेगडीवर मोठ्या तव्याचा मधला भाग तापतो, कडा गारच राहतात आणि घावनाची कड सुटत नाही. एकट्या मुलाला ९ इंची पुरतो.

बीड ओळखायचं कसं, तर हाताला जड लागतं, पृष्ठभाग किंचित दाणेदार असतो आणि दांडी तव्याबरोबरच ओतलेली असते. पत्र्याच्या लोखंडी तव्याला दांडी जोडलेली दिसते. लोहचुंबक दोन्हींना चिकटतं, त्यावरून कळत नाही.

अनघा_ठाणे
बहिणीला काय द्यावं यावर कुणी सांगेल का? मी गेल्या वर्षी भावाकडून ओवाळणीत पुस्तकं मागून घेतली होती.

चिपळूणची_ताई
अनघाताई, इथे उलटं आहे, मी भावाला देतेय :)
मावशी, तवा तसाच द्यायचा की तयार करून?

मालवणची_मावशी
तयार करूनच दे. इंडक्शनवर त्याला ते नीट जमणार नाही, मधेच जास्त तापून शेगडी बंद पडते. तुझ्याकडे गॅस आहे तर तूच कर.

आधी गरम पाण्याने आणि साबणाने घासून वरचा लेप काढ. लगेच गॅसवर कोरडा कर, पावसाळ्यात तासाभरातही तांबडा पडतो. मग तो कोमट असताना चार थेंब तेल सगळीकडे, मागे आणि दांडीलाही चोळ, आणि कोरड्या फडक्याने इतकं पुस की तेल लावलंच नाही असं वाटेल. मध्यम आचेवर धूर येऊन थांबेपर्यंत तापव, तवा फिरवत राहा म्हणजे कडाही तापतील. पूर्ण गार होऊ दे. असं पाच-सहा वेळा. एका दिवसात उरकू नकोस, रोज एकदा केलंस तरी वेळेत होईल.

सह्याद्री_८८
माझी आजी भरपूर तेल ओतून रात्रभर ठेवायची. तेच बरं ना?

मालवणची_मावशी
पहिल्यांदा मीही तसंच केलं होतं. तेल जाड राहिलं की वर चिकट थर बसतो आणि त्याला पीठ धरून बसतं. आजी बहुतेक त्यानंतर तवा चुलीवर रोज वापरायची, म्हणून त्यांचा जमला असेल.

पेणकर
राखीला लोखंड देऊ नये म्हणतात. आमच्याकडे शनिवारी तर विकतही घेत नाहीत. आईला विचारलंत का?

चिपळूणची_ताई
आई तेच म्हणाली. आत्या म्हणते, भावाकडून एक रुपया घे, म्हणजे ती भेट राहत नाही, विकत दिल्यासारखं होतं. आई अजून तयार नाही.

मालवणची_मावशी
आईचं मन मोडू नकोस, आधी तिला तव्यावर घावन करून दाखव. नारळी पौर्णिमेला नारळ सोलशील तेव्हा शेंडीचा झुपका बांधून तव्याबरोबर दे, तेल फिरवायला तो फडक्यापेक्षा बरा. आणि भावाला चार गोष्टी सांग: पाच मिनिटं मंद आचेवर तापवायचं, पीठ पाण्यासारखं पातळ ठेवायचं, कड आपणहून सुटेपर्यंत उलथनं लावायचं नाही, धुतल्यावर शेगडीवर वाळवून तेलाचा हात फिरवायचा. सुरुवातीचे काही महिने चिंच, कोकम, टोमॅटो त्यात शिजवू नये.

चिपळूणची_ताई
(नऊ दिवसांनी) तीन थर झाले. काळा रंग आलाय, पण एका बाजूला बोट चिकटतं. आता काय करू?

मालवणची_मावशी
त्या बाजूला तेल जास्त राहिलंय. नवीन तेल न लावता ती बाजू ज्योतीवर धरून पुन्हा धूर थांबेपर्यंत तापव. गार झाल्यावरही चिकटलं, तर काथ्याने तेवढाच भाग घासून तिथून परत सुरू कर, सगळा तवा उतरवायला नको. शेवटी पांढरं फडकं फिरव. काळपट डाग आला तर चालतो, तांबडा आला तर गंज आहे.

चिपळूणची_ताई
आज रात्री करते. काल आईने न सांगता तांदूळ भिजत घातलेले दिसले.