मदत हवी आहे: निबंधातला गोल फिरणारा युक्तिवाद मुलाला न दुखावता कसा दाखवावा?

मिरजेच्या_बाई
अकरावीतल्या एका मुलाचा निबंध तपासते आहे. विषय ‘कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची वाढवू नये’. भाषा चांगली आहे, तळमळ खरी आहे, पण मुद्दा पुढे सरकत नाही. ही वाक्यं बघा:

“अलमट्टीची उंची वाढवणं धोकादायक आहे, कारण उंची वाढली तर सांगलीला मोठा धोका निर्माण होईल.”

“समितीचा अहवाल चुकीचा असल्यामुळे लोकांना पटला नाही.” आणि दोन परिच्छेदांनंतर: “लोकांना पटला नाही, यावरूनच अहवाल चुकीचा असल्याचं सिद्ध होतं.”

“अलमट्टी भरलं की दरवर्षी सांगलीत पूर येतो, हे सर्व तज्ज्ञांना मान्य आहे.”

२०१९ ला त्याच्या घरात पाणी शिरलं होतं, हेही त्याने लिहिलंय. त्यामुळे ‘पुरावा कुठे आहे?’ असं शेऱ्यात लिहायला हात धजत नाही. काय लिहू?

कृष्णाकाठचा
बाई, पोरगं खरं बोलतंय. पुराचं मूळ अलमट्टीच आहे. त्यात चूक काय काढता?

मिरजेच्या_बाई
दादा, त्याचं मत बरोबर की चूक हा प्रश्नच नाही. त्याने दिलेलं कारण त्या मताला पेलतं का, एवढंच बघायचंय.

वक्तृत्व_सांगली
सोपी खूण सांगतो. पहिल्या परिच्छेदातलं विधान शेवटच्या परिच्छेदात परत आलं की युक्तिवाद गोल झाला समजा. आणि ज्या वाक्याला आकडा किंवा संदर्भ नाही, ते खोडा.

वाईचे_सर
पहिली खूण फसवी आहे. शेवटी विधान परत येणारच, त्यालाच निष्कर्ष म्हणतात. तेच विधान मध्ये कारण म्हणून वापरलं असेल तर दोष. दुसरीही अर्धीच खरी आहे. कोयना धरण सातारा जिल्ह्यात आहे, याला संदर्भ कशाला? ज्यावर वाचक वाद घालू शकतो, त्याच वाक्याला आधार लागतो.

बाई, पहिल्या वाक्यात ‘कारण’च्या अलीकडचं आणि पलीकडचं कागदावर एकाखाली एक लिहा. ‘धोकादायक’ आणि ‘धोका’ एवढाच फरक उरतो. पलीकडच्या भागातून नवी माहिती मिळाली नाही, तर ते कारण नव्हे. अहवालाचं वर्तुळ लांबचं आहे, म्हणून पटकन दिसत नाही. त्यासाठी समासात प्रत्येक दाव्यापुढे तो कशावर उभा आहे ते बाणाने दाखवा. इथे दोन बाण एकमेकांकडेच जातात. ‘अहवाल चुकीचा’ आणि ‘लोकांना पटला नाही’ या दोहोंना बाहेरून टेकू नाही.

असे टेकू त्याला मिळूही शकतात. वडनेरे समितीने २०२० च्या अहवालात २०१९ च्या पुराला अलमट्टी कारणीभूत नसल्याचा निष्कर्ष काढला. त्याच्या मनात तोच अहवाल असेल, तर समितीने कोणत्या आकड्यांवरून तो काढला आणि त्यातलं काय आपल्याला पटत नाही, हे त्याने लिहावं. मग लोकांचं मत मध्ये आणायची गरजच पडणार नाही.

तिसऱ्या वाक्यात दोन निराधार शब्द आहेत: ‘दरवर्षी’ आणि ‘सर्व’. ‘दरवर्षी’च्या जागी २००५, २०१९, २०२१ ही मोठ्या पुरांची वर्षं लिहिली की दावा लहान होतो, पण टिकतो. ‘सर्व तज्ज्ञ’ तर वरच्या समितीमुळेच टिकत नाही.

तरी एक मोठी अडचण उरते. धरण भरणं आणि पूर येणं एकाच वेळी घडलं, म्हणून एकामुळे दुसरं घडलं असं होत नाही. घाटमाथ्यावरचा तोच पाऊस दोन्हीकडे पाणी आणतो. त्याने पुराच्या दिवसांतली अलमट्टीची पातळी, तिथला विसर्ग, कोयनेचा विसर्ग आणि सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी तारखेनुसार शेजारी मांडावी. पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी. ती ओलांडली त्या दिवशी अलमट्टी किती भरलं होतं, या एका प्रश्नाने निबंधाला दिशा मिळेल. उत्तर त्याच्या विरुद्धही जाऊ शकतं, हे त्याला आधीच सांगा.

मिरजेच्या_बाई
हे पटलं. पण घरातल्या पाण्याचं काय करू?

वाईचे_सर
ते खोडायला लावू नका. नुकसान काय झालं याचा तो उत्तम पुरावा आहे, पूर कशामुळे आला याचा नाही. परिच्छेद नुकसानीच्या मुद्द्याखाली हलवायला सांगा, आणि समासात एवढंच लिहा: “पाणी किती आणि कसं आलं, ते मला स्पष्ट दिसलं. ते अलमट्टीमुळे आलं, हे विजापूरकडच्या शेतकऱ्याला पटवायचं तर त्याला काय दाखवशील?”

‘चक्राकार युक्तिवाद’ हे नाव लाल शाईत लिहू नका. मुलगा नाव पाठ करतो आणि वाक्य तसंच ठेवतो. एका वेळी दोनच शेरे द्या. आधी अहवालाचं वर्तुळ, मग ‘दरवर्षी’. ‘धोका’वालं वाक्य कारण सापडल्यावर तो स्वतःच बदलेल.

वक्तृत्व_सांगली
निष्कर्षाबद्दलचं मान्य. पण दोनच शेरे दिले तर बाकीचं बरोबर आहे असंच मुलं समजतात. मी सगळे दोष दाखवतो.

वाईचे_सर
मग ‘बाकीचं पुढच्या खेपेला बघू’ असं वर लिहा. सगळे एकदम दाखवले की मुलं दुरुस्ती करण्याऐवजी मतच मवाळ करतात.

वक्तृत्व_सांगली
स्पर्धेत पुढची खेप नसते, सर.

मिरजेच्या_बाई
इथे आहे, सोमवारी दुसरा मसुदा येतोय. दोन शेरे लिहून वही देते. पातळीचे आकडे सापडले नाहीत तर त्याने दावा कितपत सौम्य करावा, हे मात्र अजून ठरत नाहीये.