सल्ला हवा: ९,४०० पानांचं ओसीआर करायच्या आधी अचूकता कशी मोजावी?

तालुका_वाचनालय
आमच्या वाचनालयाकडे एका स्थानिक साप्ताहिकाचे १९२८ ते १९७१ चे अंक स्कॅन करून पडले आहेत. एकूण साधारण ९,४०० पानं. त्यातली काही मूळ कागदावरून केलीत, काही मायक्रोफिल्मवरून. लोक येतात ते आजोबांचं नाव किंवा गावाचं नाव शोधायला, म्हणून ओसीआर करून घ्यायचंय. एका कंत्राटदाराने "९५ टक्के अचूक" म्हणून दरपत्रक दिलं आणि तीन पानांचा मजकूरही पाठवला. मी ती तीन पानं हाताने टाइप करून सीईआर, म्हणजे शंभर अक्षरांमागे किती चुका, तो काढला: ४, ६ आणि ३८ टक्के! सरासरी १६. आता नाही म्हणून मोकळं व्हायचं का?

बोरू_आणि_दौत
टाइप कशाला करत बसलात? सॉफ्टवेअर स्वतःच प्रत्येक शब्दामागे खात्रीचा आकडा देतं. त्याची सरासरी काढा, झालं. आम्ही संस्थेच्या अहवालांना तेच केलं.

मोडी_दप्तर
माझ्याकडे पणजोबांची मोडी कागदपत्रं आहेत, खूप फिकट. त्यांचं ओसीआर कुणी करून देतं का? दर काय?

खिळेजुळारी
@मोडी_दप्तर, इथे छापील देवनागरीची गोष्ट चाललीय. मोडीचा वेगळा धागा काढा, जाणकार येतील.

@तालुका_वाचनालय, नाही म्हणू नका, आधी ते ३८ चं पान उघडा. त्यात दोन रकाने आहेत का? असतील तर यंत्राने बहुतेक डावीकडची ओळ वाचून पुढे थेट उजव्या रकान्यातली ओळ जोडलीय. मजकूर नुसता डोळ्याने वाचून बघा. शब्द सुटे सुटे बरोबर आणि आकडा मात्र भयंकर, असं दिसलं की अक्षरओळख नाही, वाचनाचा क्रम चुकलाय. एक रकाना कापून पुन्हा ओसीआर करा आणि पुन्हा मोजा. दोन्ही आकडे वेगळे लिहून ठेवा, कारण दुखणी वेगळी आणि औषधंही वेगळी.

@बोरू_आणि_दौत, खात्रीचा आकडा पानं लावायला छान, कमी खात्रीची आधी बघता येतात. पण यंत्राने जी ओळ वाचलीच नाही तिची खात्री तरी कुठून येणार? आम्हाला एकदा खात्री भरघोस मिळाली आणि पानाचा खालचा चतकोर गायब होता. सीईआरमध्ये गाळलेली अक्षरंही चुका म्हणून धरतात, तिथे ही लबाडी पकडली जाते.

तालुका_वाचनालय
दोन रकानेच होते! खाली जाहिरातही. कंत्राटदाराकडून रकाने कापून घेतले आणि त्याच पानावर २,१५० अक्षरांत ८१७ चुका होत्या त्या १९४ झाल्या, म्हणजे ९ टक्के. तरी नऊ का? डोळ्याला एवढ्या दिसत नाहीत.

खिळेजुळारी
डोळ्याला न दिसणाऱ्या चुका मराठीत हमखास असतात. "दऱ्या" हा शब्द घ्या. एका कळफलकावरून तो द, ऱ, ्, य, ा असा पाच खुणांचा येतो. दुसरीकडे र, ्, मग एक अदृश्य जोडखूण आणि य असा सहा खुणांचा. पडद्यावर दोन्ही सारखेच, मोजणाऱ्याला मात्र पाचात दोन चुका, ४० टक्के! "ॲ" आणि "अॅ" चं तेच. युनिकोडच्या नेहमीच्या एनएफसी सफाईने हे मिटत नाही, स्वतः बदलावं लागतं:

```
import unicodedata
from jiwer import cer

def saaf(p):
    t = open(p, encoding="utf-8").read()
    t = unicodedata.normalize("NFC", t)
    t = t.replace("\u0930\u094d\u200d", "\u0931\u094d")
    t = t.replace("\u0905\u0945", "\u0972")
    return " ".join(t.split())

print(cer(saaf("gt/014.txt"), saaf("ocr/014.txt")))
```

पहिली फाइल तुमची, दुसरी यंत्राची. उलटं दिलंत तर भागाकार चुकीच्या लांबीने होईल.

मुद्रितशोधिका
१९६२ च्या लेखननियमांआधीचे अंक आहेत ना? मग "नाहीं", "कां", "केलें" असणार. यंत्राने तो अनुस्वार सोडला की "नाहीं" मध्ये पाचातली एक खूण गेली. आणि खरी गंमत टाइप करणाऱ्याची. आमच्याकडे एका मुलाने सवयीने सगळीकडे "नाही" टाइप केलं, आणि यंत्राने अनुस्वार बरोबर वाचूनही यंत्रालाच चूक लागली. पडताळणीची प्रत छापल्याबरहुकूम हवी, छापखान्याच्या चुकांसकट. आणि ओसीआरचा मजकूर समोर घेऊन "दुरुस्त" करू नका, कोऱ्या पानावरून टाइप करा. नजर घसरते हो. तीस वर्षं मुद्रितं तपासून माझीही घसरते.

तालुका_वाचनालय
धन्यवाद ताई, मीही चार ठिकाणी "नाही" केलं होतं, ते सुधारलं आणि मगच पुढचं मोजलं. सफाईनंतर १९४ चे १६४ झाले, ७.६ टक्के. उरलेल्यांत ७१ नुसते सुटलेले अनुस्वार. ते माफ केले तर ९३, म्हणजे ४.३ टक्के. कंत्राटदाराच्या "९५" च्या आत आला की तो!

खिळेजुळारी
थांबा. ती तीन पानं कुणी निवडली होती?

तालुका_वाचनालय
त्यानेच.

खिळेजुळारी
मग ते आकडे विसरा. सगळी पानं तीन ढिगांत घाला: मायक्रोफिल्मवरची, कागदावरची १९५० च्या आधीची, कागदावरची १९५० नंतरची. प्रत्येक ढिगातून चिठ्ठ्या टाकल्यासारखी १२ पानं काढा, मुखपृष्ठं टाळू नका. प्रत्येक ढिगाच्या सगळ्या चुका भागिले सगळी अक्षरं, असा एक आकडा काढा, पानांच्या टक्क्यांची सरासरी नको. नाहीतर चार ओळींचं जाहिरातीचं पान पूर्ण पानाएवढं बोलतं. शिवाय सर्वांत वाईट पानही नोंदवा. पंचवीस हजार अक्षरं मोजली म्हणून भरवसा वाटतो, पण चुका पानापानाने येतात. शाई उतरलेलं पान आलं की सगळंच पान जातं. म्हणजे तुमचे खरे नमुने बाराच.

बोरू_आणि_दौत
पण ५ टक्के सीईआर म्हणजे शंभरातले ९५ शब्द सापडणार ना? तेवढं पुरे की.

खिळेजुळारी
शब्द नाही हो, अक्षरं. सहा खुणांच्या शब्दात प्रत्येक खूण ९५ टक्के वेळा बरोबर आली, तर अख्खा शब्द धड येण्याची शक्यता ०.९५ चा सहावा घात, सुमारे ७४ टक्के. प्रत्यक्षात चुका काही शब्दांत गर्दी करतात, म्हणून यापेक्षा बरं निघतं. यांना नावं शोधायचीत. तेव्हा टाइप केलेल्या पानांतली आडनावं आणि गावांची नावं वेगळी काढा आणि यंत्राच्या मजकुरात त्यातली किती सापडतात ते मोजा. तुमच्या कामाला तो आकडा सीईआरपेक्षा जास्त सांगेल.

मुद्रितशोधिका
अनुस्वार माफ करण्याला माझा विरोध आहे. उद्या कुणी जुन्या लेखनाचा अभ्यास करायला आलं तर?

खिळेजुळारी
ताई, मजकुरातून काढू नयेच. शोधयंत्र अनुस्वार सोडून जुळवत असेल तर शोधाच्या हिशोबात माफ करायला माझी हरकत नाही. दोन्ही आकडे द्यावेत.

मुद्रितशोधिका
दोन आकडे दिले की लोक सोयीचा उचलतात.

तालुका_वाचनालय
तीन आठवडे गेले, ३६ पानं टाइप झाली. अनुस्वार माफ न करता: १९५० नंतरचा ढीग ३.१ टक्के, आधीचा ७.८, मायक्रोफिल्म २१. मधल्या ढिगात अकरा पानं ४ ते ८ मध्ये आणि एकच ३१ चं. नावं पहिल्या ढिगात ५० पैकी ४६ सापडली, मधल्यात ३८, मायक्रोफिल्ममध्ये १९. कंत्राटदाराला सध्या फक्त पहिला ढीग दिलाय. करारात लिहिलं की पानं आम्ही काढू आणि मोजणी आमच्या स्क्रिप्टने होईल. तो कुरकुरला, पण सही केली. मधल्याचं अजून ठरत नाही.

मुद्रितशोधिका
त्या ३१ च्या पानामागे काळा कागद ठेवून पुन्हा स्कॅन करून बघा. पाठची शाई पुढे दिसत असणार.

तालुका_वाचनालय
दिसतेय खरी. उद्या तो अंक कपाटातून काढतो.