संध्याकाळी वेबकॅम अडखळतो, त्याबद्दल

बी-३०४, देशपांडे काकू: कुणी सांगेल का? माझा ऑनलाइन तबल्याचा क्लास संध्याकाळी सातला असतो. मुलांना माझी बोटं दिसतच नाहीत, नुसता धूसर पट्टा दिसतो. सकाळच्या बॅचला सगळं नीट असतं. वायफायवाल्याला दोनदा बोलावून झालं.

ए-१०२, सावंत: संध्याकाळी सगळेच नेट वापरतात, काकू. स्पीड कमी पडत असेल.

सी-५०१, नितीन: काकू, आधी एक करून बघा. वायफाय बंद करा आणि लॅपटॉपच्या कॅमेरा ॲपमध्येच अर्धा मिनिट वाजवून रेकॉर्ड करा. त्यातही बोटं फरफटलेली दिसली, तर नेटचा संबंध नाही.

बी-३०४, देशपांडे काकू: केलं. तसंच दिसतंय!

सी-५०१, नितीन: मग उजेड कमी पडतोय. सेकंदाला ३० चित्रं काढायची तर एका चित्राला जास्तीत जास्त ३३ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात पुरेसा उजेड आला नाही की कॅमेरा आपोआप जास्त वेळ थांबतो. तो ६६ मिलिसेकंद थांबला की सेकंदाला १५च चित्रं निघतात, आणि तेवढ्या वेळात बोट जिथून जिथे सरकलं ते सगळं एकाच चित्रात उमटतं. म्हणून अडखळणं आणि फरफट दोन्ही एकदम येतात.

ए-१०२, सावंत: मग ब्राइटनेस वाढवला की झालं ना?

सी-५०१, नितीन: नाही काका. तो आधीच टिपलेलं चित्र फक्त उजळ करतो. काळ्याचं राखाडी होतं आणि दाणे दिसायला लागतात, उजेड काही वाढत नाही. काकू, खोलीत दिवा कुठे आहे?

बी-३०४, देशपांडे काकू: ट्यूबलाइट माझ्या मागच्या भिंतीवर. टेबल लॅम्प पलीकडच्या कपाटावर, दोनेक मीटरवर असेल.

सी-५०१, नितीन: लॅम्प कॅमेऱ्याच्या बाजूने तबल्यापासून एक मीटरवर आणा. अंतर निम्मं केलं की त्याचा उजेड साधारण चौपट पडतो. ट्यूब फ्रेममध्ये येऊ देऊ नका. तिच्यामुळे खोली भरपूर उजळ आहे असं कॅमेऱ्याला वाटतं आणि तुम्ही काळ्या दिसता.

बी-३०४, देशपांडे काकू: पुष्कळ फरक पडला रे! पण द्रुत लयीत अजून थोडं ओढल्यासारखं दिसतं.

सी-५०१, नितीन: आता सेटिंग. OBS या व्हिडिओ रेकॉर्डिंगच्या प्रोग्राममध्ये कॅमेऱ्याच्या Properties मध्ये Configure Video उघडा. तिथे Camera Control मध्ये Low Light Compensation ची खूण असेल तर काढा. म्हणजे कॅमेरा वेग कमी करणार नाही. हे लॅम्प लावूनच करा, नाहीतर चित्र अंधारं होईल. तरी ओढलं तर Exposure समोरचं Auto काढून -6 ठेवा, म्हणजे एका चित्राला सेकंदाचा चौसष्टावा भाग. चित्रात आडवे पट्टे सरकले तर PowerLine Frequency 50 Hz करा, आपली वीज ५० हर्ट्झची आहे.

बी-३०४, देशपांडे काकू: खूण काढली, -6 केलं. तिरकिट वाजवून रेकॉर्ड केलं, बोटं सुटी सुटी दिसतायत. पण लॅम्प चष्म्यात चमकतोय.

सी-५०१, नितीन: डोक्याच्या वर, थोडा डावीकडे घ्या. अंतर तेवढंच ठेवा.