तोफेनं राजा मोठा केला की खजिन्यानं?

धागाकर्ता: बंदुकीची दारू आली आणि सरदार-जहागीरदार संपले. ज्याच्याकडे तोफ तोच राजा. 1453 मध्ये कॉन्स्टँटिनोपल पडलं ते एका तोफेमुळे. कुणाला आक्षेप आहे?

महालकर: मला आहे. काल रात्रीपासून हेच डोक्यात घोळतंय, म्हणून सविस्तर लिहितो. ती तोफ ओतणारा उर्बान हा हंगेरियन कारागीर आधी कॉन्स्टँटिनोपलच्याच सम्राटाकडे कामाला गेला होता. तिथे तिजोरी रिकामी होती, त्याला पोसणं जमेना. मग तो उस्मानी तुर्कांच्या सुलतान मेहमदकडे गेला. माणूस तोच, कसब तेच, फक्त पैसे देणारा बदलला.

तोफ आठेक मीटर लांब, दगडी गोळा पाचशे किलोच्या वर. एदिर्नेहून ती ओढायला साठ बैल लागले. एवढं करून दिवसाला बार किती? सातेक. प्रत्येक बारानंतर नळी तापायची, घाई केली तर तडकायची, म्हणून तेल ओतून सावकाश थंड करायचे. तेवढ्या वेळात आणि रात्रभर आतले लोक खिंडारात लाकडं आणि मातीनं भरलेली पिंपं रचत. दगडी भिंतीला गोळ्यानं तडा जातो, मातीत तो नुसता रुतून बसतो. म्हणून 6 एप्रिलला वेढा पडूनही शहर 29 मेपर्यंत टिकलं, आणि शेवटी माणसांच्या लाटांवर लाटा सोडाव्या लागल्या.

गोलंदाज_नागपूर: तुम्हीच माझ्या बाजूचं लिहिलं की! साठ बैल, ओतारी, गोलंदाज, सोरा, गंधक, हे सगळं कुठल्या जहागीरदाराला परवडणार? एकट्या राजालाच. मग राजा बलवान झालाच नं? बाबरनं 1526 मध्ये पानिपत तोफांवरच जिंकलं.

महालकर: पहिला मुद्दा मान्य. लहान गढीवाल्याचं तोफेपुढे काही चाललं नाही, हे मी नाकारत नाही. पण बाबरानं नुसत्या तोफा डागल्या नाहीत. गाड्या चामड्याच्या दोरांनी जोडून आडोसा केला, आणि बाजूनं घोडेस्वार इब्राहीम लोदीच्या पाठीवर घातले. 1761 मध्ये आपल्याकडे इब्राहीमखान गारद्याचा तोफखाना होता, तरी काय झालं ते ठाऊक आहे. आणि युरोपात पुढे किल्लेच बदलले. भिंती बुटक्या, जाड, मातीनं भरलेल्या. परत महिनोन्‌महिने वेढे, परत पगाराची बोंब. स्पेनचा दुसरा फिलिप 1557 मध्ये दिवाळखोर झाला. 1576 मध्ये त्याच्याच पगार थकलेल्या सैनिकांनी अँटवर्प लुटलं. हा बलवान राजा?

सीताबर्डीवाला: तोफा पाहायच्या असतील तर आपला सीताबर्डीचा किल्ला आहे नं भाऊ. पण 26 जानेवारी, 1 मे न 15 ऑगस्ट, एवढेच दिवस उघडतो. मागच्या वर्षी मी पोराले घेऊन उन्हात दोन तास रांगेत होतो, जवळ पोचलो तर म्हणे वेळ संपली. पोरगं रडत घरी आलं. इतिहास कायले शिकवता मग?

गोलंदाज_नागपूर: भाऊ, विषय काय, तुम्ही बोलता काय! पण सीताबर्डी निघालीच आहे तर सांगा. 1817 मध्ये अप्पासाहेब भोसल्यांचं सैन्य हजारोंचं, कंपनीचं दीडेक हजार. हरलो ते फितुरीनं!

महालकर: प्रत्येक पराभवाला फितुरी लावायची सवय सोडा, चीड येते त्याची. 27 नोव्हेंबरला सकाळी भोसल्यांच्या पदरच्या अरब शिपायांनी छोटी टेकडी घेतली होती, तिथली तोफ फिरवून मोठ्या टेकडीवरच्या कंपनीच्या फौजेवर मारा चालवला होता. मग कंपनीच्या फिट्झेराल्डच्या घोडदळानं मैदानातल्या भोसल्यांच्या तोफांवर धाड घातली. त्यानंतर छोट्या टेकडीवर अरबांचाच दारूचा साठा उडाला, गोंधळ झाला, आणि कंपनीचे शिपाई चढून आले. उघड्यावर, लढाईच्या मध्यात दारू साठवली की ठिणगी कुठूनही येते.

सीताबर्डीवाला: आमचे आजोबा फितुरीच सांगत. घरात ऐकलेलं खोटं कसं म्हणू मी?

जुम्मा_दरवाजा: दोघांनीही अर्धंच सांगितलं. डिसेंबरात हेच अरब नागपूर शहरात अडून बसले. कंपनीनं जुम्मा दरवाजावर, म्हणजे आजच्या गांधी गेटवर, तोफा लावल्या. 24 तारखेचा हल्ला तरी फसला, शेवटी बोलणी करून, अटी मान्य करून त्यांना बाहेर काढावं लागलं. तोफ होती, शिस्तीची पलटण होती, तरी जुन्या वेशीपाशी अडकले.

गोलंदाज_नागपूर: बरं, तोफ एकटी पुरत नाही, एवढं घ्या. पण उर्बान सम्राटाकडेच राहिला असता तर मेहमदला शहर मिळालं असतं का, ते सांगा.

महालकर: त्याच्याकडे बाकीच्या तोफा होत्याच, आणि जहाजं जमिनीवरून ओढून शहरालगतच्या गोल्डन हॉर्न खाडीत उतरवणारा माणूस होता तो. माझ्या मते उशिरा का होईना, मिळालंच असतं.

गोलंदाज_नागपूर: मला नाही पटत. एक पावसाळा वेढा लांबला असता तर सैन्य घरी गेलं असतं.